ओळख नसलेल्या वरिष्ठ माजी विद्यार्थ्याकडे वीस मिनिटे मागताना

जुलै महिन्यात कॅम्पस मुलाखतींचे वारे वाहू लागले की माझ्या लिंक्डइनच्या खात्यावर माझ्याच महाविद्यालयातल्या मुलामुलींचे संदेश येऊ लागतात. त्यांतले निम्म्याहून अधिक जवळपास एकाच साच्यातले असतात: "हाय सर, मी तुमच्याच कॉलेजचा ज्युनिअर आहे. करिअरबद्दल गाईड कराल का?" मुले चांगली असतात, मलाही मदत करायची असते, तरीही या संदेशाला उत्तर देणे जमत नाही. उत्तर द्यायचे तर हा मुलगा कोणत्या वर्षाला आहे, कशात अडला आहे आणि त्याला माझ्याकडूनच काय हवे आहे, हे आधी मला विचारून घ्यावे लागते, म्हणजे त्याने करायचे काम माझ्या गळ्यात पडते. मग "रविवारी निवांत लिहू" असे म्हणून तो संदेश बाजूला राहतो आणि चार रविवारांनंतर उत्तर द्यायचीच लाज वाटू लागते.

गेल्या वर्षी नात्यातल्या एका मुलीला असा संदेश लिहायला मी मदत केली. ती एका शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात स्थापत्यच्या अंतिम वर्षाला होती, आणि तिला तिच्याच महाविद्यालयातून 2009 मध्ये बाहेर पडलेल्या, आता बोगद्यांच्या डिझाइनचे काम करणाऱ्या एका अभियंता बाईंशी बोलायचे होते. तो संदेश कसा घडत गेला, ते क्रमाने सांगतो.

आधी प्रश्न, मग माणूस

तिचा पहिला मसुदा असा होता: "मॅडम, मला टनेलिंगमध्ये करिअर करायचे आहे, त्यासाठी काय करावे याचे मार्गदर्शन हवे आहे." मी तिला विचारले, की याचे उत्तर त्या बाईंनी दोन ओळींत द्यायचे ठरवले तर त्या काय लिहितील? ती म्हणाली, "एम.टेक. कर, किंवा साइटवर जा." एवढे तर तिला आधीच माहीत होते. तिचा खरा पेच या दोन वाटांपैकी आधी कोणती धरावी, हा होता.

तो पेच आणखी सोलून पाहिला. ती फेब्रुवारीत गेट देणार होती. गेटचे गुण निकालापासून तीन वर्षे ग्राह्य धरले जातात, हे तिला तोवर नीट ठाऊक नव्हते. परीक्षा दिली की त्याच वर्षी प्रवेश घ्यावा लागतो, असे ती धरून चालली होती. हे अधिकृत माहितीपत्रकात छापलेले असते आणि ते शोधायला पाच मिनिटे लागतात. ते कळल्यावर प्रश्नच बदलला. आता तो असा झाला: परीक्षा आता देऊन गुण हाताशी ठेवावेत, दोन वर्षे बोगद्याच्या साइटवर काढावीत आणि मग एम.टेक.ला जावे का. आणि असे केले तर साइटवरची ती वर्षे पुढे डिझाइनच्या टेबलावर नेमकी कशाला उपयोगी पडतात? हे कोणत्याही माहितीपत्रकात मिळत नाही. जो त्या वाटेने गेला आहे, तोच ते सांगू शकतो.

माझ्या मते या साऱ्या खटाटोपात सर्वांत जास्त वेळ याच पायरीला द्यावा, तास-दोन तास लागले तरी चालतील. प्रश्न तयार झाला की नाही, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. प्रश्नातून त्या व्यक्तीचे नाव काढून दुसऱ्या कुणाचेही घातले आणि तरी तो तसाच चालला, तर तो अजून कच्चा आहे. "पॅकेज किती मिळते", "कोणते सॉफ्टवेअर शिकावे", "स्कोप आहे का" हे तिन्ही प्रश्न या कसोटीला टिकत नाहीत, आणि नेमके तेच सर्वाधिक विचारले जातात.

योग्य माणूस शोधणे

लिंक्डइनवर महाविद्यालयाच्या पानावर "Alumni" नावाचा भाग असतो. तिथे वर्षांची मर्यादा घालता येते आणि माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठे काम करतात, कशा प्रकारचे काम करतात यांनुसार यादी गाळता येते. वरच्या शोधपेटीत कामाशी संबंधित शब्द टाकला की यादी आणखी आटोपशीर होते. आमच्या मुलीने "tunnel" आणि "geotechnical" हे दोन शब्द वेगवेगळे टाकून पाहिले आणि दोन्ही वेळा निराळी माणसे हाती लागली.

इथे जुन्या माजी विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक अडचण येते, ती संस्थांच्या बदललेल्या नावांची. मुंबईतली व्हीजेटीआय 1997 पर्यंत व्हिक्टोरिया ज्युबिली या नावाने ओळखली जात होती, नंतर ती वीरमाता जिजाबाई झाली. आज जिला आयसीटी म्हणतात, तिथून नव्वदच्या दशकात बाहेर पडलेले लोक अजूनही स्वतःला यूडीसीटीचे म्हणवतात. पुण्याचे सीओईपी 2022 मध्ये विद्यापीठ झाले. जितका माणूस वरिष्ठ, तितकी त्याने जुने नाव लिहून ठेवलेले असण्याची शक्यता अधिक. म्हणून आपल्या संस्थेची जुनी नावे माहीत करून घेऊन तीही शोधावीत. पुढे संदेशातही त्यांच्या काळातले नाव वापरले तर वाचणाऱ्याला ते सहज जाणवते.

किती वरिष्ठ माणूस गाठावा, याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. विद्यार्थी थेट संचालक किंवा उपाध्यक्ष पदावरच्या माणसाला लिहितात. पण ज्याने पस्तीस वर्षांपूर्वी पदवी घेतली, त्याला पहिल्या नोकरीचा पेच आठवतो तो त्या काळातला, आणि तेव्हाची बाजारपेठ आज उरलेली नाही. दहा ते पंधरा वर्षांपूर्वी बाहेर पडलेला माणूस बहुतेक प्रश्नांना बरा. त्याच्या निर्णयाचे परिणाम एव्हाना त्याला दिसलेले असतात आणि निर्णय घेतानाची धाकधूकही तो विसरलेला नसतो. एखाद्या क्षेत्राची वीस वर्षांची वाटचाल समजून घ्यायची असेल तर मात्र जुनाच माणूस हवा.

नाव सापडल्यावर पंधरा मिनिटे वाचन पुरे. पदवीचे वर्ष आणि शाखा, नोकऱ्यांचा क्रम, आणि सार्वजनिकरीत्या त्यांनी काही लिहिले वा बोललेले असेल तर तेवढे पाहावे. त्या बाईंच्या प्रोफाइलवर तीन वर्षे साइट, मग एम.टेक., मग डिझाइन असा क्रम स्पष्ट दिसत होता, आणि हाच आपल्या प्रश्नाचा धागा होता. याच्या पलीकडे जाऊ नये. त्यांचे फेसबुकवरचे कुटुंबाचे फोटो पाहून "आपली मुलगी किती गोड आहे" असे लिहिणाऱ्या एका मुलाचा संदेश मला माहीत आहे. तो वाचून वाचणाऱ्याला आनंद झाला नाही, धास्ती वाटली. तसेच कुणाकडून तरी व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक मिळवून परस्पर संदेश टाकणेही बरे नाही. मधल्या माणसाने आधी त्यांना विचारून क्रमांक दिला असेल तर गोष्ट वेगळी.

कुठून पाठवायचा

माजी विद्यार्थी संघामार्फत किंवा एखाद्या व्याख्यानाच्या पत्रकावरून ई-मेलचा पत्ता उघडपणे मिळत असेल, तर ई-मेल सर्वांत बरा. तो सावकाश वाचता येतो, शोधून पुन्हा काढता येतो आणि त्याला "seen" ची निळी खूण नसते. पत्ता नसेल तर लिंक्डइनवर दोन टप्प्यांत जावे लागते: आधी जोडणीची विनंती, तिच्यासोबत "Add a note" दाबून छोटी चिठ्ठी, आणि विनंती स्वीकारली गेल्यावर पूर्ण संदेश. मोफत खात्यावरून अशा चिठ्ठ्या महिन्याला मोजक्याच पाठवता येतात आणि एका चिठ्ठीला 200 अक्षरांची मर्यादा असते, म्हणून त्या दहा जणांवर उधळू नयेत.

देवनागरीत ही मर्यादा वाटते त्याहून फार लवकर भरते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला अदृश्य हलन्त हे सारे यंत्र वेगवेगळे मोजते. "विद्यार्थी" हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या हिशेबी तो दहा अक्षरांचा आहे. आम्ही शेवटी ठरवलेली चिठ्ठी अशी होती:

"नमस्कार मॅडम, मी आपल्या महाविद्यालयात स्थापत्यच्या अंतिम वर्षाला आहे. आधी साइट, मग एम.टेक. या आपल्या वाटेबद्दल एक प्रश्न विचारायचा आहे. रिक्वेस्ट स्वीकारल्यास सविस्तर लिहीन."

ही साधारण 175 अक्षरे होतात. यात वीस मिनिटांची मागणी मुद्दामच नाही. ओळख नसलेल्या माणसाने दारातूनच काहीतरी मागितले की दार लोटून घेतले जाते. चिठ्ठीचे काम एवढेच, की हा संदेश शंभर जणांना पाठवलेला नाही हे त्यांना कळावे.

मराठीत लिहावे की इंग्रजीत

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि याला एकच उत्तर नाही. समोरची व्यक्ती आपल्या नोंदी मराठीत लिहीत असेल, किंवा महाविद्यालय अशा गावातले असेल जिथे वसतिगृहात सगळे मराठीच बोलतात, तर मराठीत लिहिल्याने अंतर पटकन कमी होते. आडनाव मराठी आहे एवढ्यावरून मात्र ठरवू नये. बडोद्यात, इंदुरात किंवा परदेशात वाढलेल्या अनेकांना मराठी बोलता येते, पण लांब मजकूर वाचायचा कंटाळा येतो. खात्री नसेल तर संदेश इंग्रजीत लिहून शेवटी "बोलताना मराठीत बोललो तरी चालेल" एवढे एक वाक्य जोडावे.

मराठीत लिहायचे ठरले की संबोधन सांभाळावे लागते. तीन-चार वर्षांनी पुढे असलेल्यांना महाविद्यालयात आपण दादा-ताई म्हणतो, ते त्यांना संदेशातही चालते. पंधरा वर्षांनी ज्येष्ठ आणि अनोळखी व्यक्तीला मात्र "सर" किंवा "मॅडम" बरे. नुसते पहिले नाव मराठीत उद्धट वाटते आणि "आदरणीय श्रीमती" ने पत्राला सरकारी अर्जाची कळा येते. "सा. न. वि. वि." हा मायना घरच्या वडीलधाऱ्यांसाठी ठेवावा. "नमस्कार मॅडम" यात काही कमी पडत नाही. एकदा "आपण" धरले की शेवटपर्यंत "आपण"च ठेवावे. पहिल्या परिच्छेदात "आपण" आणि तिसऱ्यात "तुमचा अनुभव" असे झाले की मजकूर दोन ठिकाणांहून उचलून जोडल्यासारखा दिसतो, आणि बरेचदा तो तसा असतोही. इंग्रजी पत्राची सुरुवात शब्दशः उलथून "आशा आहे की हा मेल आपल्याला सुखरूप सापडेल" असे लिहिणारेही आहेत. हरवला होता की काय, असे विचारावेसे वाटते.

पूर्ण संदेश

आमच्या मुलीने पाठवलेला मजकूर खाली देतो. ई-मेल असता तर विषयाच्या ओळीत "20 मिनिटे बोलण्याची विनंती: स्थापत्य, अंतिम वर्ष" एवढे पुरले असते. "अर्जंट", "हेल्प" किंवा रिकामा विषय, तिन्ही नकोत.

"नमस्कार मॅडम,

विनंती स्वीकारल्याबद्दल आभारी आहे. मी आपल्याच महाविद्यालयात स्थापत्य अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला शिकते. आपली प्रत्यक्ष ओळख नाही. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत आपले नाव वाचून लिहीत आहे.

आपण 2009 मध्ये पदवी घेतल्यावर तीन वर्षे बोगद्याच्या साइटवर काम केले आणि त्यानंतर भूतंत्र अभियांत्रिकीत एम.टेक. केले, असे आपल्या प्रोफाइलवरून समजले. मी सध्या याच वळणावर आहे. फेब्रुवारीत गेट देणार आहे. गुण तीन वर्षे चालतात, म्हणून प्रवेश लगेच घ्यावा की आधी दोन वर्षे साइटवर काढावीत, हे मला ठरवायचे आहे. साइटवरच्या त्या वर्षांचा आपल्याला पुढे डिझाइनमध्ये नेमका कुठे उपयोग झाला आणि त्यामुळे काही मागे पडले का, हे आपल्याकडून ऐकायचे आहे.

येत्या तीन आठवड्यांत आपल्या सोयीने 20 मिनिटे फोनवर बोलता येईल का? मी कोणत्याही दिवशी संध्याकाळी सातनंतर आणि शनिवारी-रविवारी दिवसभर मोकळी असते. बोलणे जमण्यासारखे नसेल तर दोन ओळींचे उत्तरही मला पुरेसे होईल, आणि सध्या कामाची घाई असेल तर उत्तर दिले नाही तरी मी समजून घेईन.

आपली नम्र,"

खाली पूर्ण नाव, वर्ग आणि फोन क्रमांक.

यातल्या काही जागा थांबून पाहण्यासारख्या आहेत. "आपली प्रत्यक्ष ओळख नाही" हे वाक्य तिने आधी काढून टाकले होते, कारण तिला ते कमीपणाचे वाटले. पण अनोळखी संदेश वाचताना पहिला विचार "मी हिला कुठे भेटले आहे का?" हाच येतो, आणि तो सुटेपर्यंत पुढचे डोक्यात शिरत नाही. त्या एका वाक्याने वाचणाऱ्याची ही शोधाशोध थांबते.

त्यांच्या वाटचालीबद्दलचे वाक्य निव्वळ माहितीचे आहे, त्यात कौतुक नाही. पहिल्या मसुद्यात "आपला प्रवास अत्यंत प्रेरणादायी आहे" असे होते. ते खोटे होते असे नाही, पण हे वाक्य कुणालाही लिहिता येते आणि अशा संदेशांत ते इतक्यांदा वाचायला मिळते, की आता त्यापुढे काहीतरी मागणी येणार एवढेच त्यातून कळते. कुणाचे वर्ष आणि क्रम बरोबर लिहिणे हा त्याहून अधिक आदर आहे.

वेळ मागतानाचा आकडा महत्त्वाचा. "थोडा वेळ" म्हटले की पाच मिनिटे की तासभर ते कळत नाही, आणि माणूस तासभर धरून चालतो. अर्धा तास म्हटले की कॅलेंडरात जागा शोधावी लागते. पंधरा ते वीस मिनिटे गाडीतून घरी जातानाही देता येतात. तीन आठवड्यांची मुदतही मुद्दाम आहे. "उद्या किंवा परवा" असे लिहिले की नकार देणे सोपे जाते, कारण उद्या-परवा खरेच सगळे व्यस्त असतात. तिने आपल्या मोकळ्या वेळा दिल्या पण त्यांतली एक निवडायची सक्ती केली नाही. ओळख नसताना कॅलेंडरची लिंक पाठवून "इथे स्लॉट बुक करा" असे वरिष्ठांना सांगणे मराठी माणसाच्या कानाला तरी खटकते.

नकाराची सोय करून देणारे शेवटचे वाक्य अनेकांना नको वाटते. त्यामुळे उत्तर न देण्याचीच मुभा मिळते, असे ते म्हणतात. ती मुभा समोरच्याला आधीपासून असतेच. ते वाक्य लिहिल्याने फक्त एवढे होते, की ज्यांना दोन ओळींत उत्तर द्यायचे आहे त्यांना फोनची अट जाचत नाही. आणि दोन ओळींचे उत्तर आले की पुढचा फोन बरेचदा आपसूक होतो.

संदेशात नोकरीचा किंवा शिफारशीचा उल्लेख नाही, आणि बायोडेटाही जोडलेला नाही. बायोडेटा जोडला की संभाषणाची विनंती क्षणात नोकरीचा अर्ज होऊन बसते. काही जण उलट्या बाजूने "मला नोकरी नको आहे" असे आवर्जून लिहितात. ते खरे असेल तर हरकत नाही, पण तसे लिहून फोनवर पंधराव्या मिनिटाला "तुमच्याकडे काही ओपनिंग आहे का" असे विचारले, तर सगळे ओम्‌फस्‌ होते. शिफारसच हवी असेल तर सरळ तसे लिहावे. तो वेगळा संदेश आहे आणि त्यातही गैर काही नाही.

पाठवण्यापूर्वी मोबाइलवर स्वतःलाच तो संदेश पाठवून पाहावा. एका पडद्यात किंवा फार तर दीड पडद्यात तो मावला पाहिजे. नाव, वर्ष आणि कंपनी तिसऱ्यांदा तपासावी. विद्यार्थी असताना मी स्वतः एकाच कार्यालयातल्या चार माजी विद्यार्थ्यांना एकच संदेश नाव बदलून पाठवला होता, आणि त्यातल्या एकाला दुसऱ्याच्या नावानिशी. चौघे दुपारचा डबा एकत्र खात, हे मला नंतर कळले. तेव्हापासून माझा नियम असा, की एका संस्थेत एका वेळी एकालाच लिहायचे.

दिवस कोणता याचा फार काथ्याकूट करू नये, पण मार्च महिन्याचा उत्तरार्ध आणि दिवाळीचा आठवडा टाळावा. मार्चअखेरीला बिले, हिशेब आणि कामांची मोजणी यांत माणूस बुडालेला असतो, आणि दिवाळीत शुभेच्छांच्या ढिगाऱ्यात आपला संदेश गाडला जातो.

उत्तर आले नाही तर

दहा दिवस थांबावे. मग त्याच संदेशाच्या खाली, नवा धागा न उघडता, एकदाच आठवण करावी. आमच्या मुलीने लिहिले: "नमस्कार मॅडम, माझा वरचा संदेश आपल्या नजरेतून सुटला असेल म्हणून एकदा आठवण करत आहे. सध्या वेळ नसेल तर हरकत नाही. पुन्हा त्रास देणार नाही." यातले शेवटचे वाक्य खरे ठेवायचे असते. "मॅडम??" किंवा नुसता हात जोडलेला इमोजी ही आठवण होत नाही.

लिंक्डइनवरची विनंतीच स्वीकारली गेली नसेल तर ती मागे घेऊन लगेच पुन्हा पाठवण्याचा मोह होतो. तसे करता येत नाही. मागे घेतलेली विनंती त्याच व्यक्तीला परत पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत वाट पाहावी लागते. अनेक वरिष्ठ मंडळी लिंक्डइन महिन्यातून एकदा उघडतात, म्हणून विनंती तशीच पडू द्यावी आणि दरम्यान यादीतल्या दुसऱ्या व्यक्तीकडे वळावे.

उत्तर आले तर

आमच्या मुलीला आठवणीच्या दुसऱ्या दिवशी उत्तर आले: "रविवारी 10 वाजता फोन कर." वरिष्ठांनी "कर" म्हटले म्हणून आपण "आपण" सोडायचे नसते. तिने तासाभरात एका ओळीत होकार कळवला, त्यात वार, तारीख, वेळ आणि फोन आपण करणार हे लिहिले. समोरची व्यक्ती परदेशात असेल तर भारतीय वेळ आणि त्यांची वेळ दोन्ही लिहावीत. अमेरिकेत आणि युरोपात मार्चमध्ये आणि शरद ऋतूत घड्याळे पुढे-मागे होतात, त्या आठवड्यांत तासाभराची चूक हमखास होते.

कधी उत्तर येते, "प्रश्न मेलवर पाठव." याला नकार समजू नये. अशा वेळी तीनच प्रश्न पाठवावेत, प्रत्येक एका वाक्याचा. "बायोडेटा पाठव" असे आले तर तो पाठवावा, पण सोबत आपला मूळ प्रश्न पुन्हा एका ओळीत लिहावा, नाहीतर तो बायोडेटा मनुष्यबळ विभागाकडे जातो आणि संभाषण तिथेच संपते.

फोनच्या आधी तिने तीन प्रश्न कागदावर लिहिले होते. पहिल्या मिनिटात तिने स्वतःची ओळख दोन वाक्यांत दिली आणि थेट साइटच्या प्रश्नावर आली. बाईंनी सांगितले, की साइटवर प्रत्येक स्फोटानंतर उघडा पडलेला खडक रोज पाहिल्याने पुढे टेबलावर बसून नुसता बोअरहोलचा अहवाल वाचतानाही खडक कुठे दगा देईल याचा अंदाज येऊ लागला. तोटा असा, की तीन वर्षांनी गणिताकडे परत वळताना पहिले सत्र फार जड गेले. "दोन वर्षे पुरेत, तिसरे वर्ष मी उगाच काढले," हे त्यांचे वाक्य मुलीने अधोरेखित करून ठेवले. अठराव्या मिनिटाला ती म्हणाली, "वीस मिनिटे होत आली मॅडम, मी थांबू का?" बाई म्हणाल्या, "बोल, अजून पाच मिनिटे आहेत." वेळेची आठवण आपण केली की ती अशी वाढून मिळते. शेवटी तिने विचारले, "याबद्दल आणखी कुणाशी बोलावे असे आपल्याला वाटते?" आणि त्यातून पुढचे एक नाव मिळाले, तेही "माझे नाव सांग" या परवानगीसह.

आभाराचा संदेश त्याच संध्याकाळी जावा आणि त्यात बोलण्यातली एक नेमकी गोष्ट असावी. तिने दोन वर्षांच्या मर्यादेचा उल्लेख केला. दुसरा संदेश बहुतेक जण पाठवतच नाहीत, तो काही महिन्यांनी निर्णय झाल्यावरचा. तिचा जूनमध्ये गेला: "नमस्कार मॅडम, गेटचा निकाल चांगला लागला. गुण राखून ठेवले आहेत आणि पुढच्या सोमवारी कोकणातल्या एका बोगद्याच्या साइटवर रुजू होत आहे. आपण सांगितल्याप्रमाणे दोनच वर्षे." त्यावर बाईंचे उत्तर दहा मिनिटांत आले. गमबूट कंपनी देते ते घेऊ नकोस, स्वतःचे घे, एवढेच त्यांनी लिहिले होते.